साबण विकला, पैसे शाईने लिहिलेले राहिले: अर्न-आऊटची गोष्ट

आजच्या भागाची ही लिहिलेली आवृत्ती. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून या वेळी आकडे सावकाश मांडले आहेत.

सुरुवात एका साबणापासून करू. अमेरिकेत टेक्सासमध्ये स्क्विड सोप नावाची एक छोटी कंपनी होती. लहान मुलं हात नीट धूत नाहीत, पाण्याखाली हात धरला न धरला की पळतात, हे आपल्याही घरचंच चित्र आहे. यावर या कंपनीने एक गंमतशीर उपाय काढला. साबणाच्या बाटलीचा पंप दाबला की मुलाच्या हातावर शाईचा छोटा ठिपका उमटायचा. साधारण वीस सेकंद चोळून धुतल्याशिवाय तो जायचा नाही. आईने मागे उभं राहायची गरजच नाही, ठिपका गेला म्हणजे हात धुतले गेले.

कल्पना चांगली होती, पण छोट्या कंपनीकडे कल्पना असते आणि दुकानांची साखळी नसते. ती साखळी एअरबोर्न नावाच्या कंपनीकडे होती. सर्दीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या ही कंपनी बनवत असे, आणि त्या गोळ्यांचं अमेरिकेत तेव्हा मोठं नाव होतं. एका शाळाशिक्षिकेने सुरू केलेला हा ब्रँड सर्दीच्या मोसमात घराघरात पोचला होता. २००७ च्या जूनमध्ये एअरबोर्नने स्क्विड सोपचा धंदा विकत घेतला.

आता किंमत बघा. सह्या झाल्या त्या दिवशी हातात मिळाले १० लाख डॉलर. शिवाय पुढे ठरलेली लक्ष्यं गाठली गेली, तर आणखी २ कोटी ६५ लाख डॉलरपर्यंत मिळू शकणार होते. म्हणजे रोख एक हिस्सा आणि आशा साडेसव्वीस हिस्से. हा जो दुसरा भाग आहे, पुढच्या कामगिरीवर अवलंबून असलेला, त्याला धंद्याच्या खरेदी-विक्रीत अर्न-आऊट म्हणतात.

विकणारा असं का कबूल करतो? कारण धंद्याच्या किमतीवर दोघांचं जमत नसतं. विकणारा म्हणतो, माझं रोप आहे, दोन वर्षांत झाड होईल, झाडाची किंमत द्या. घेणारा म्हणतो, मला तर रोपच दिसतंय. मग कोणीतरी मधला माणूस सुचवतो की आज रोपाचे पैसे घ्या, झाड झालं तर वरचे मिळतील. दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. भांडण मिटलं असं वाटतं. खरं तर ते फक्त दोन वर्षं पुढे ढकललेलं असतं, आणि त्या दोन वर्षांत झाडाला पाणी घालणारा माणूस बदललेला असतो.

इथे एक फरक आधीच स्पष्ट करून टाकतो, कारण लोक हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. उशिरा द्यायची रक्कम आणि अर्न-आऊट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत ठरलेली आहे, पण ती हप्त्यांत द्यायची आहे, ही झाली उशिरा द्यायची रक्कम. ती द्यायचीच आहे, प्रश्न फक्त कधी एवढाच. अर्न-आऊटमध्ये मात्र ती द्यायची की नाही, हेच अजून ठरायचं असतं. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात, कलम ३१ मध्ये, होईल की नाही हे नक्की नसलेल्या घटनेवर अवलंबून असलेल्या कराराची व्याख्या आहे. उदाहरण दिलंय घर जळालं तर दहा हजार रुपये देण्याचं. दीडशे वर्षांपूर्वीचं ते उदाहरण आणि आजचं अर्न-आऊट हे नात्याने एकाच घरातले आहेत. फरक एवढाच की घर जळणं हे सहसा दोघांच्याही हातात नसतं. विक्रीचं लक्ष्य गाठणं मात्र बऱ्यापैकी घेणाऱ्याच्या हातात असतं. सगळा तंटा या एका फरकातून निघतो.

परत साबणाकडे येऊ. स्क्विड सोपच्या मालकांनी थोडी काळजी घेतली होती. करारात पहिल्या बारा महिन्यांसाठी दोन आकडे घातले होते, जाहिरातीवरच्या खर्चाचा १० लाख डॉलरचा आणि विक्रीचा ५० लाख डॉलरचा. एअरबोर्नने त्याबाबतची अट पाळली नाही, तर धंद्याची मालमत्ता विकणाऱ्याकडे परत जायची होती. वाचायला हे भारी वाटतं. नाही चाललं तर आमची वस्तू आम्हाला परत द्या. पण फ्लॅट परत मिळणं आणि ब्रँड परत मिळणं यात फरक असतो. दुकानदाराने एकदा फळीवरून काढलेली बाटली परत त्याच फळीवर ठेवायला लावणं किती कठीण असतं, हे कुठल्याही वितरकाला विचारा.

आणि तसंच काहीसं झालं. एअरबोर्नच्या गोळ्या सर्दीवर चालतात या जाहिरातीवर आधीच, २००६ साली, ग्राहकांचा सामूहिक खटला दाखल झालेला होता. साबण विकत घेतल्यानंतर काही महिन्यांनी तो गाजला. २००८ च्या मार्चमध्ये २ कोटी ३३ लाख डॉलरच्या तडजोडीची बातमी सगळीकडे झळकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेशी झालेल्या तडजोडीत हा आकडा ३ कोटी डॉलरपर्यंत गेला. ज्या नावाच्या जोरावर साबण खपणार होता, ते नावच पडलं. साबणाची लक्ष्यं गाठली जाणं दूरच राहिलं.

विकणारे चिडले, आणि ते समजण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं दोन पदरी होतं. एक, तुमच्यावर खटला चालू होता हे आम्हाला सांगितलंच नाही, ही फसवणूक आहे. दोन, तुम्ही साबण वाढवायला हवा होता तसा वाढवला नाही. प्रकरण डेलावेअरच्या चॅन्सरी कोर्टात गेलं. डेलावेअर हे अमेरिकेतलं अगदी चिमुकलं राज्य, पण तिथल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांची नोंदणी याच राज्यात असते. त्यामुळे कंपन्यांच्या भांडणांचं हे एक प्रकारे माहेरघर आहे. इथे ज्युरी नसते, न्यायाधीशच निकाल देतात आणि सविस्तर कारणं लिहितात. म्हणूनच या निकालांचा अभ्यास जगभर होतो.

निकाल आला नोव्हेंबर २००९ मध्ये. फसवणुकीचा आरोप टिकला नाही. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की एअरबोर्नने करारात खटल्यांबद्दल दिलेली ग्वाही मर्यादित शब्दांत होती. हा व्यवहार पार पाडण्याच्या तिच्या क्षमतेवर ज्यांचा परिणाम होईल, तेवढ्याच खटल्यांबद्दल ती होती. तुमच्यावर कुठलाही खटला आहे का, असा सरळ प्रश्न करारात विचारलाच नव्हता. आणि वाईट हेतूने साबण मारला हा आरोपही पटण्यासारखा नव्हता. रोख १० लाख मोजून घेतलेली वस्तू कोण मुद्दाम बुडवेल? एखाद्या ठरावीक पातळीचा पाठिंबा हवा होता, तर तो वाटाघाटीत मागून करारात पक्का करता आला असता. जे मागून घेतलं नाही, ते कोर्ट नंतर स्वतःहून लिहून देणार नाही.

मला यातला पहिला मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. धंदा विकताना सगळी चौकशी घेणारा करतो. तुमचे हिशेब, तुमचे जीएसटी रिटर्न, तुमच्या कामगारांची देणी, सगळं उचकतो. पण किमतीचा मोठा भाग पुढे मिळणार असेल, तर विकणाराही एका अर्थाने घेणाऱ्याच्या कंपनीत पैसे गुंतवतोय, तेही शेअर न घेता. मग त्यानेही घेणाऱ्याची तेवढीच चौकशी करायला हवी. स्क्विड सोपच्या वेळी तो खटला कोर्टाच्या दप्तरात होताच.

पण हे झालं वादळ आल्यावरचं. बहुतेक वाद वादळाशिवाय होतात, अगदी शांतपणे, एक्सेल शीटमध्ये. ते कसे होतात हे समजायला आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ, साताऱ्याचं.

समजा साताऱ्यात एका काकांचा मसाल्याचा धंदा आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, तीस वर्षांचं नाव. काकांना ३ कोटी हवेत. पुण्याची एक कंपनी २ कोटी म्हणते. तोडगा असा निघतो: सहीच्या दिवशी १ कोटी ६० लाख, पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी २० लाखांचे दोन हप्ते, आणि पुढच्या आर्थिक वर्षात धंद्याचा नफा ६० लाख झाला तर आणखी १ कोटी. म्हणजे यात तिन्ही प्रकार आले. रोख, उशिराची रक्कम आणि अर्न-आऊट. करारात शब्द आहे फक्त "नफा". त्याची व्याख्या नाही. का नाही, तर काकांना वाटलं नफा म्हणजे नफा, त्यात काय सांगायचं.

वर्ष संपतं. विक्री ४ कोटी. काकांच्या पद्धतीने खर्च ३ कोटी ३८ लाख, म्हणजे नफा ६२ लाख. काका पेढे वाटायच्या तयारीत. तेवढ्यात पुण्याहून हिशेब येतो आणि त्यात नफा आहे ५१ लाख.

हे ११ लाख गेले कुठे? ६ लाख आहेत मुख्य कार्यालयाचा हिस्सा. आता अकाउंट्स, पगारपत्रक, सॉफ्टवेअर हे सगळं पुण्याहून चालतं, त्याचा साताऱ्याच्या वाट्याला येणारा खर्च. ४ लाख आहेत नव्या व्यवस्थापकाचा पगार. आधी हे काम काका स्वतः करायचे आणि पगार घेत नव्हते, म्हणून त्यांच्या हिशेबात हा खर्च कधी दिसलाच नव्हता. उरलेला १ लाख म्हणजे २९ मार्चला निघालेल्या मोठ्या ऑर्डरवरचा नफा. काका माल गाडीत चढला की विक्री धरायचे. पुण्याची कंपनी माल पोचला की धरते, आणि तो पोचला २ एप्रिलला.

यात लबाडी कुणी केली? कुणीच नाही. प्रत्येक आकडा हिशेबाच्या दृष्टीने समर्थन करण्यासारखा आहे. व्यवस्थापकाचा पगार तर माझ्या मते धरायलाच हवा, तो धंद्याचा खराच खर्च आहे. मुख्य कार्यालयाच्या हिश्शाबद्दल मात्र माझं मत काकांच्या बाजूने आहे. ते खर्च काकांनी मागितले नव्हते आणि त्यांच्याशिवाय धंदा तीस वर्षं चालला होता. पण माझं मत बाजूला ठेवा. करारात लिहिलं नसेल, तर लवादासमोर दोन्ही बाजूंचे सी.ए. तीन-तीन तास बोलतील आणि दोघांचंही म्हणणं खरं वाटेल.

आता रचनेतली खरी गोम बघा. ६० लाखांच्या लक्ष्याला ९ लाख कमी पडले आणि काकांचा पूर्ण १ कोटी गेला. लक्ष्य एका कड्यासारखं होतं, एक पाऊल अलीकडे शून्य, एक पाऊल पलीकडे कोटी. अशा कड्याजवळ गेल्यावर प्रत्येक लाखावर भांडण होणारच, कारण एका लाखाची किंमत एक कोटी असू शकते. याऐवजी उतार ठेवला असता तर? उदाहरणार्थ, ४५ लाखांखाली काही नाही, ६० लाखांवर पूर्ण १ कोटी, आणि मध्ये प्रमाणात. मग ५१ लाखांना काकांना ४० लाख मिळाले असते. हिशेबावर वाद तेव्हाही झाला असता, पण तो एकेका लाखामागे सहा-सात लाखांचा झाला असता. एवढ्यासाठी लोक शक्यतो वकील गाठत नाहीत, चहा पिऊन मिटवतात.

मग नफ्याऐवजी विक्रीवर लक्ष्य ठेवलं तर? विकणारे हल्ली हेच मागतात, कारण विक्रीचा आकडा सगळ्यात वरचा, त्यात खर्च घुसवता येत नाही. घेणाऱ्याची भीती उलट असते. काका अजून दुकानावर बसत असतील तर ते उधारीवर, सवलतीवर माल ढकलतील आणि आकडा फुगवतील. आणि विक्रीचं लक्ष्य ठेवलं म्हणजे वाद संपतात असं तर मुळीच नाही. याचा इतिहासातला चांगला दाखला म्हणजे सायव्हेलन्स.

सायव्हेलन्स ही इंटरनेटवरच्या धोक्यांवर कंपन्यांसाठी नजर ठेवणारी एक अमेरिकी कंपनी. २००९ मध्ये ती किनेटिक नावाच्या संरक्षण क्षेत्रातल्या मोठ्या समूहाने घेतली. रोख ४ कोटी डॉलर, आणि विक्रीचं लक्ष्य गाठलं तर आणखी ४ कोटी डॉलरपर्यंत. साबणापेक्षा हा सौदा मोठा होता, पण रचना तीच. लक्ष्य गाठलं गेलं नाही, अर्न-आऊटचा एक डॉलरही मिळाला नाही. विकणाऱ्यांनी दावा लावला की घेणाऱ्याने धंदा असा चालवला की विक्री वाढूच नये.

करारात विकणाऱ्यांच्या संरक्षणाचं एक वाक्य होतं. त्याचा आशय असा: अर्न-आऊट कमी करण्याच्या हेतूने घेणाऱ्याने विक्री दुसरीकडे वळवू नये किंवा पुढे ढकलू नये. सगळा खटला "हेतूने" या एका शब्दावर फिरला. विकणारे म्हणाले, या निर्णयाने आमचं अर्न-आऊट कमी होणार हे तुम्हाला माहीत होतं, एवढं पुरे. कोर्ट म्हणालं, पुरे नाही. माहीत असणं वेगळं आणि त्यासाठी करणं वेगळं. निर्णयामागे, निदान अंशतः तरी, अर्न-आऊट बुडवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागेल. तसं दाखवता आलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम केला.

या खटल्यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. वाटाघाटी चालू असताना विकणाऱ्यांनी जास्त कडक अटी मागितल्या होत्या आणि घेणाऱ्याने त्या नाकारल्या होत्या. नंतर कोर्टात विकणारे म्हणाले, प्रत्येक करारात सद्भावनेने वागण्याचं एक न लिहिलेलं कर्तव्य असतं, त्यातून आम्हाला ते संरक्षण द्या. कोर्टाने ते मानलं नाही. टेबलावर मागून मिळालं नाही ते मागच्या दाराने मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे बरेच विकणारे "समोरचा माणूस सज्जन आहे" या भरवशावर कडक अट सोडून देतात. तो सज्जन असेलही. पण अर्न-आऊटची तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत त्या सज्जन माणसाची नोकरी बदलते किंवा त्याची कंपनीच तिसऱ्याला विकली जाते.

मग कामाला येणारी अट कशी दिसते? हेतूवर नाही, कृतीवर बेतलेली. हेतू माणसाच्या डोक्यात असतो, तो सिद्ध करणं महाकठीण. कृती कागदावर दिसते. काकांच्या करारात असं लिहिता आलं असतं की लक्ष्याच्या वर्षात मसाल्याचं वेगळं खातं ठेवायचं, गेल्या तीन वर्षांच्या ताळेबंदात वापरलेल्या पद्धतीनेच नफा मोजायचा, मुख्य कार्यालयाचा हिस्सा धरायचा नाही, साताऱ्याचं दुकान आणि चार विक्रेते काढायचे नाहीत, आणि मध्येच धंदा तिसऱ्याला विकला तर पूर्ण १ कोटी लगेच द्यायचे. ही शेवटची अट घेणाऱ्याला नको असते, पण मागायला काय हरकत आहे. सोबत एक नमुना-हिशेब जोडायचा, गेल्या वर्षाचे खरे आकडे घालून, करारातल्या व्याख्येप्रमाणे काढलेला. माझ्या अनुभवात या एका पानाने जेवढे वाद थांबतात, तेवढे दहा पानांच्या व्याख्येने थांबत नाहीत. कारण तो नमुना काढायला बसलं की व्यवस्थापकाच्या पगाराचा प्रश्न सहीच्या आधीच वर येतो.

आणि वर्ष संपेपर्यंत थांबायचं नाही. दर तिमाहीला आकडे मिळण्याचा हक्क लिहून घ्यायचा. वाद शिजतोय हे ओळखायची खूण तिथेच असते. विक्री वाढतेय पण नफा वाढत नाही, किंवा खर्चात अचानक "इतर" नावाची नवी ओळ आली, की समजायचं. तेव्हा पत्र लिहून हरकत नोंदवलेली असली, तर वर्षअखेरीस तुमचं म्हणणं नंतर सुचलेलं वाटत नाही.

वाद झालाच तर तो कोणाकडे न्यायचा, हेही दोन भागांत लिहिलेलं बरं. आकड्यांचा वाद, म्हणजे अमुक खर्च कुठे बसतो हा, दोघांनी मिळून नेमलेल्या तटस्थ सी.ए.कडे जावा, ठरावीक दिवसांत निर्णय द्यावा. कराराच्या शब्दांच्या अर्थाचा वाद लवादाकडे. हे वेगळं केलेलं नसेल, तर पहिले सहा महिने आपला वाद नक्की कोणत्या प्रकारचा आहे यावरच जातात.

आता त्या २० लाखांच्या दोन हप्त्यांकडे बघू. तिथे लक्ष्य नाही, तरी वाद होतो. एक दिवस पुण्याहून पत्र येतं: तुमच्या काळातली जीएसटीची जुनी नोटीस आली, ७ लाख भरावे लागले, म्हणून हप्ता १३ लाखांचा. याला वजावट म्हणतात, आणि उशिराच्या रकमेतला हा नेहमीचा तंटा आहे. घेणाऱ्याची बाजू चूक नसते, जुनं देणं विकणाऱ्याचंच असू शकतं. पण पैसे ज्याच्या हातात असतात तो आधी कापतो आणि मग चर्चा करतो. म्हणून वजावट कधी करता येईल हे आधी ठरवावं लागतं. नुसती नोटीस आल्यावर की देणं पक्कं झाल्यावर? आणि वादातली रक्कम तोवर बँकेतल्या तिऱ्हाइत खात्यात, म्हणजे एस्क्रोमध्ये ठेवायची का? विकणाऱ्याने नुसत्या विश्वासावर हप्ते घेऊ नयेत. बँक गॅरंटी किंवा निदान पुढच्या तारखेचे धनादेश तरी घ्यावेत.

शेवटी मुंबई. हा भाग ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना वाटतंय की हे सगळं अमेरिकेचं आहे, त्यांच्यासाठी.

जानेवारी २००६ मध्ये एका खासगी कंपनीच्या भागधारकांनी आपले शेअर विकले. सुरुवातीला २ कोटी ७० लाख रुपये. पुढची रक्कम चार वर्षांत, कंपनीच्या नफ्यावर बेतलेल्या सूत्राने, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त २० कोटी. अगदी आपल्या आजच्या विषयाचाच करार. इथे भांडण घेणाऱ्याशी झालं नाही, आयकर खात्याशी झालं. खात्याने म्हटलं, करारात २० कोटी लिहिलेत ना, मग विक्रीच्या वर्षातच २० कोटींवर भांडवली नफ्याचा कर भरा.

कल्पना करा. हातात पावणेतीन कोटीसुद्धा नाहीत, आणि कर २० कोटींवर. हप्त्यांच्या विक्रीत खात्याचा हा युक्तिवाद चालतो, कारण तिथे किंमत ठरलेली असते, फक्त पैसे उशिरा येतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशाच एका प्रकरणात विक्रीच्या वर्षातच पूर्ण कर लागेल असं म्हटलं होतं. म्हणजे आपल्या काकांनाही २० लाखांच्या हप्त्यांवरचा कर पहिल्याच वर्षी भरावा लागेल, पैसे नंतर आले तरी. पण मुंबईच्या प्रकरणात २० कोटी ही किंमत नव्हती, छत होतं. नफा झाला नाही तर सुरुवातीच्या रकमेपलीकडे काहीच मिळणार नव्हतं. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. जी रक्कम मिळण्याचा हक्कच अजून निर्माण झालेला नाही, तिच्यावर त्या वर्षी कर लावता येत नाही. सूत्र कसं लिहिलंय हे कोर्टाने बारकाईने पाहिलं, आणि निकाल त्यावरच गेला.

त्याच २०१६ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने परदेशी खरेदीदारांसाठीही एक वाट मोकळी केली. भारतीय कंपनीचे शेअर परदेशी माणसाने घेताना किंमत थोडी मागे ठेवायला परवानगी मिळाली, पण दोन मर्यादा घालून: एकूण किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, आणि कराराच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत. त्यामुळे तुमचा स्टार्टअप कोणी सिंगापूरचा गुंतवणूकदार घेत असेल आणि तो तीन वर्षांच्या अर्न-आऊटचा मसुदा पुढे करत असेल, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारा की १८ महिन्यांनंतरचे पैसे तुम्ही कोणत्या परवानगीने पाठवणार आहात.

एवढंच आजचं. काकांच्या उदाहरणाचा हिशेब कागदावर स्वतः करून बघा, व्यवस्थापकाचा पगार धरून आणि न धरून. कुठला बरोबर वाटतो ते कळवा. भेटू पुढच्या भागात.